हवामान पत्रकाचा फोटो मराठीत कसा उतरवावा: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

एप्रिल महिना, बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरलेला, आणि दुपारी कुणीतरी गावाच्या ग्रुपवर इंग्रजी हवामान पत्रकाचा फोटो टाकतं. खाली एकच प्रश्न येतो : "यात काय लिहिलंय?" पुढच्या पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात. एकाच्या मते चक्रीवादळ येतंय, दुसऱ्याच्या मते काहीच नाही, तिसरा फोनच्या भाषांतरातून निघालेला अगम्य मजकूर चिकटवतो. हे उत्तर ज्याने द्यायचं, त्याच्यासाठी हा लेख आहे. इंग्रजी फार यायला लागत नाही, पण पत्रकातले दहा-बारा शब्द नेमके कशासाठी वापरतात हे माहीत असावं लागतं. त्यांचा रोजच्या बोलण्यातला अर्थ इथे चालत नाही.

सगळं एकाच उदाहरणावर करू. खालचं पत्रक नमुन्यासाठी तयार केलेलं आहे, पण शब्द आणि मांडणी नेहमी येणाऱ्या पत्रकांसारखीच आहे.

```
Issued: 21 April, 1300 hrs IST
District: SOLAPUR
21 Apr (YELLOW): Thunderstorm with lightning and gusty winds
  30-40 kmph likely at isolated places
22 Apr (ORANGE): Thunderstorm with lightning, hail and gusty winds
  50-60 kmph very likely at isolated places
23 Apr (YELLOW): same as 21 Apr
Outlook (subsequent 2 days): gradual reduction in rainfall activity
```

पहिली पायरी : फोटो वाचता येईल असा करून घ्या

ग्रुपवर फिरून आलेला फोटो बहुधा दाबला गेलेला असतो, त्यामुळे बारीक अक्षरं फुटतात. पाठवणाऱ्याला तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, म्हणजे तो मूळ आकारात येतो. मूळ पीडीएफ मिळाली तर फोटोच्या नादाला लागूच नका. बाजार समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावरचा कागद टिपत असाल तर फोन कागदाला समांतर धरा आणि ट्यूबलाइटची चमक अक्षरांवर येत नाही ना ते बघा. संगणकाच्या किंवा टीव्हीच्या पडद्याचा फोटो जवळून काढला की आडवे-तिरके पट्टे येतात. अशा वेळी दोन पावलं मागे सरून झूम करा, पट्टे बरेच कमी होतात.

नकाशा असेल तर कोपऱ्यातली रंगांची सूची आणि वरचं शीर्षक फोटोत आलंच पाहिजे. ही दोन्ही कापून टाकलेला नकाशा सांगण्याच्या लायकीचा राहत नाही. का, ते पुढे येईल.

फोनने फोटोतली अक्षरं उचलली की आधी आकडे डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथेच होतात. अंशाचं बारीक वर्तुळ शून्य म्हणून वाचलं जातं आणि ४१ अंशांचे ४१० होतात. मधली रेघ गळते आणि ३०-४० चा ३०४० होतो. तक्त्यात तर फोन एका जिल्ह्याची ओळ वाचता वाचता शेजारच्या रकान्यात शिरतो आणि साताऱ्याचा पाऊस सोलापूरच्या नावावर टाकतो. म्हणून तक्त्यातून सोलापूरची ओळ आणि वरची तारखांची ओळ एवढंच कापून घ्या, आणि मगच अक्षरं उचला.

दुसरी पायरी : तारीख आणि वेळ

अर्थ नंतर. आधी "इश्यूड" पुढची तारीख बघा. आपल्या नमुन्यात २१ एप्रिल, १३०० तास, म्हणजे दुपारी १ वाजता. पत्रकात चोवीस तासांचं घड्याळ असतं. शेवटी "यूटीसी" लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ०३०० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे ८.३०. तारीख दिसतच नसेल तर तो फोटो पुढे सांगू नका. मागच्या वर्षीचा लाल इशारा यंदाच्या एप्रिलमध्ये फिरताना पुष्कळदा दिसतो, आणि त्यावर तारीख नसते म्हणूनच तो फिरतो.

यातली सर्वात जास्त होणारी चूक दिवसाच्या सीमेची आहे. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सकाळी ८.३० ला सुरू होतो. पर्जन्यमापकातला पाऊस रोज त्याच वेळी मोजतात आणि इशाऱ्याचे दिवसही त्याच हिशेबाने चालतात. "२२ एप्रिल" या ओळीचा अर्थ २२ तारखेला सकाळी ८.३० पासून २३ तारखेला सकाळी ८.३० पर्यंत. समजा गारपीट २३ तारखेला पहाटे ३ वाजता झाली. लोक म्हणतील, "ऑरेंज तर बावीसला होता, तेवीसला पिवळाच होता, अंदाज चुकला." तो चुकलेला नसतो, पहाटेचे ३ हे अजून बावीसच्याच खात्यात असतात. म्हणून मराठीत उतरवताना नुसती तारीख कधीच लिहू नका, "२२ एप्रिल सकाळी साडेआठ ते २३ एप्रिल सकाळी साडेआठ" असं पूर्ण लिहा. जरा लांबतं, पण रात्री शेडवर कागद टाकायचा की नाही हे त्यावरच ठरतं. पहिल्या दिवसाचं मात्र वेगळं आहे. पत्रक दुपारी १ वाजता निघालं असेल तर "२१ एप्रिल" म्हणजे तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंतचा उरलेला वेळ.

तिसरी पायरी : वाक्याचे चार तुकडे

पत्रकातलं जवळपास प्रत्येक वाक्य चार प्रश्नांची उत्तरं देतं : काय होणार, किती जोराने, किती जागी, आणि किती खात्रीने. हे तुकडे वेगळे केले की भाषांतर आपोआप सुटतं. फोन सगळं एका दमात भाषांतरित करायला जातो आणि हे तुकडे एकमेकांत मिसळून टाकतो.

"किती जागी" हा तुकडा सगळ्यात जास्त चुकतो. "आयसोलेटेड" ला फोन "विलग" किंवा "एकाकी" म्हणतो. त्याचं मराठी ठरलेलं आहे : तुरळक ठिकाणी. त्यामागे हिशेब आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर इंग्रजीत "स्कॅटर्ड", मराठीत काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्क्यांना "फेअरली वाइडस्प्रेड", म्हणजे बऱ्याच ठिकाणी. त्यावर "वाइडस्प्रेड", म्हणजे बहुतांश ठिकाणी. नकाशावर हेच ISOL, SCT, FWS आणि WS अशा अक्षरांत दिसतं.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. तुरळक ठिकाणी म्हटलं तर माळशिरसला गारा पडतील आणि अक्कलकोटला ऊन तापत राहील, आणि अंदाज तरीही बरोबर असेल. हे ग्रुपवर आधीच सांगून ठेवावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोरडे राहिलेले नऊ तालुके अंदाजाला नावं ठेवतात. त्याच कारणाने "जिल्ह्यात" आणि "शहरात" यांत गल्लत करू नका. पत्रक बहुतेक जिल्ह्यापुरतं बोलतं. करमाळ्याचा माणूस "सोलापुरात पाऊस" असं वाचून आपल्याला काही नाही समजतो.

"किती खात्रीने" हेही शब्दांत बांधलेलं असतं. "लाइकली" म्हणजे २५ ते ५० टक्के, "व्हेरी लाइकली" म्हणजे ५० ते ७५ टक्के, "मोस्ट लाइकली" म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. मराठीत त्यांना अनुक्रमे शक्यता, दाट शक्यता आणि फारच दाट शक्यता म्हणा. "पडणार" हे क्रियापद यांपैकी कशासाठीच वापरू नका. आपल्या नमुन्यात २१ तारखेला नुसती शक्यता आहे आणि २२ तारखेला दाट शक्यता. हा फरक मराठीत हरवला तर दोन्ही दिवस सारखेच वाटतात.

"किती जोराने" पावसाच्या बाबतीत चोवीस तासांच्या मिलिमीटरांवरून ठरतं. ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे "हेवी", मराठीत मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. त्याखाली, १५.६ ते ६४.४ पर्यंत, मध्यम पाऊस. सोलापूरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात एका दिवसात ६० मिमी पडला तर ओढे भरून वाहतात, पण पत्रकाच्या भाषेत तो "मध्यम" असतो. शब्द बदलू नका, पण कंसात आकडा लिहा म्हणजे मध्यम म्हणजे भुरभुर असा समज होणार नाही.

इथेच आणखी एक सापळा आहे. पडून गेलेल्या पावसाची यादी इंग्रजी पत्रकात पुष्कळदा सेंटिमीटरमध्ये असते. गावापुढे नुसता ७ लिहिलेला असतो आणि भाषांतर करणारा "७ मिमी" लिहून मोकळा होतो. तो प्रत्यक्षात ७० मिमी, म्हणजे मुसळधार. यादीच्या डोक्यावर cm आहे की mm, हे बघितल्याशिवाय आकडा लिहू नका.

चौथी पायरी : वारा, झोत आणि "गस्ट"

एप्रिल-मेच्या वळवात आपल्या भागाचं नुकसान पावसापेक्षा वाऱ्याने जास्त होतं, म्हणून हा शब्द सावकाश समजून घ्या. वारा कधीच एका वेगाने वाहत नाही. काही मिनिटांची सरासरी काढली की जो वेग येतो तो सलग वारा, आणि मध्येच काही सेकंदांसाठी जो एकदम जोर येतो तो "गस्ट". मराठीत वाऱ्याचा झोत. "गस्टी विंड्स" ला पत्रकात सोसाट्याचा वारा म्हणतात, आणि तोच शब्द वापरावा. फोन कधी "वादळ" लिहितो, कधी "जोरदार हवा". गावाकडे वारं-वावधान म्हणतात ते बोलण्यात चालेल, पण वावटळ मुळीच लिहू नका, ती धुळीची फिरती भिंगरी वेगळी.

ताशी ५०-६० किमी म्हणजे तासभर तेवढा वारा असं नाही. गडगडाटी पाऊस येताना काही झोत तेवढ्या वेगापर्यंत जातील, एवढाच अर्थ. मराठीत "ताशी ५० ते ६० किमीपर्यंत झोत" असं लिहिलं की तो नीट पोचतो. चक्रीवादळाच्या पत्रकात वाक्य जरा वेगळं येतं : "45-55 kmph gusting to 65 kmph". याचं भाषांतर हमखास "वारा वाढत जाऊन ६५ होईल" असं केलं जातं, आणि ते चूक आहे. बरोबर मराठी : सलग वारा ताशी ४५ ते ५५ किमी, मधूनमधून झोत ६५ पर्यंत. दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. "स्क्वॉल" हा तिसरा शब्द. वाऱ्याचा वेग एकदम वाढतो आणि किमान मिनिटभर तसाच टिकतो, तेव्हा तो वापरतात. झोत काही सेकंदांत ओसरतो, स्क्वॉल टिकतो. मराठीत त्याला "अचानक उठून टिकणारा जोराचा वारा" असं सरळ सांगितलं तर कुणाचा गोंधळ होत नाही.

आता २१ आणि २२ तारखेची तुलना करा. ४० आणि ६० हे आकडे ऐकायला फार लांब वाटत नाहीत. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. ताशी ४० किमीच्या झोताला समोर येणाऱ्या एका चौरस मीटरवर सुमारे ८ किलोचा रेटा बसतो, ६० च्या झोताला सुमारे १७ किलोचा. शेडवर टाकलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा दहा चौरस मीटरचा एक पदर उघडा पडला तरी ६० च्या झोतात त्यावर पावणेदोनशे किलोच्या घरात ओढ येते. २१ ला जी सुतळी पुरली ती २२ ला तुटते ती यामुळेच. म्हणून वाऱ्याचा आकडा भाषांतरात कधीही गाळू नका. "सोसाट्याचा वारा" एवढंच लिहिलं तर दोन्ही दिवस एकसारखे दिसतात.

पाचवी पायरी : रंग

भारतीय हवामान विभागाचे इशाऱ्याचे रंग चार. हिरवा : इशारा नाही. पिवळा : इंग्रजीत "वॉच", म्हणजे लक्ष ठेवा आणि पुढची माहिती घेत राहा. नारिंगी, ज्याला सगळे ऑरेंजच म्हणतात : "अलर्ट", तयारीत राहा. लाल : "वॉर्निंग", आता कृती करा. "वॉच" चं भाषांतर फोन कधी "पहा" तर कधी चक्क "घड्याळ" करतो, ते सोडून द्या. रंगाचं नाव आणि त्यापुढे काय करायचं, एवढं मराठीत लिहिलं की पुरे.

रंग नुसत्या पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. घटनेचा परिणाम किती आणि ती होण्याची खात्री किती, दोन्ही बघून रंग देतात. त्यामुळे "ऑरेंज म्हणजे इतके मिमी" असं समीकरण मांडू नका. आपल्या नमुन्यात २२ तारखेला मुसळधार पावसाचा शब्दही नाही, तरी ऑरेंज आहे, कारण गारा आहेत आणि झोत ६० पर्यंत आहेत. कुणी "पाऊस कमीच सांगितलाय, मग ऑरेंज कशाला" असं विचारलं तर उत्तर हेच.

आता सूची का लागते ते. हवामान विभागाचा दुसराही एक रंगीत नकाशा फिरतो. त्यात आजवर पडलेल्या पावसाची सरासरीशी तुलना असते आणि त्यातले रंग पूर्ण वेगळ्या अर्थाचे असतात. त्यात लाल म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस, आणि पिवळा म्हणजे ६० ते ९९ टक्के कमी. म्हणजे तिथे पिवळा लालपेक्षा वाईट! हिरवा म्हणजे सरासरीइतका, निळा म्हणजे जास्त. जुलैत पावसाने ओढ दिली की या नकाशात सोलापूर लाल दिसतं, आणि कोणीतरी तो फोटो "सोलापूरला रेड अलर्ट" म्हणून पाठवतं. एक नकाशा पाऊस येईल म्हणून सावध करतो, दुसरा पाऊस आला नाही असं सांगतो. ओळखायची खूण सोपी आहे : सूचीत टक्के दिसले की तो इशारा नव्हे.

फोनवर रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू असेल तर पिवळा आणि नारिंगी एकसारखे दिसतात. रंग सांगण्याआधी तो बंद करा, किंवा तक्त्यात रंगाचं नाव अक्षरांत लिहिलेलं असेल तर ते वाचा.

सहावी पायरी : फोन ज्या शब्दांवर हमखास घसरतो

"आउटलुक" चं भाषांतर फोन "दृष्टिकोन" करतो. पत्रकात त्याचा अर्थ पुढच्या दिवसांचा कल. त्यात तारीखवार इशारा नसतो, दिशा तेवढी सांगितलेली असते. नमुन्यातली शेवटची ओळ मराठीत अशी : "त्यानंतरच्या दोन दिवसांत पाऊस हळूहळू कमी होण्याचा कल." "पर्जन्य क्रियाकलाप" असलं काही लिहू नका. आणि आउटलुकवर भरवसा ठेवून द्राक्षं काढायचा दिवस ठरवू नका. तेवढ्यासाठी रोजचं नवं पत्रक बघावं लागतं.

"अ‍ॅडव्हायजरी" ला फोन "सल्लागार" म्हणतो. तो सल्ला आहे, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा कृषी हवामान सल्ला, जो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फवारणी कधी करावी, पाणी कधी द्यावं, काढलेला माल कुठे ठेवावा असं त्यात असतं. तो इशारा नव्हे. मात्र परदेशी हवामान अ‍ॅपमध्ये हाच शब्द वेगळ्या जागी बसतो. अमेरिकेच्या पद्धतीत "अ‍ॅडव्हायजरी" हा "वॉर्निंग" पेक्षा सौम्य असा एक इशाराच असतो. फोटो कुठल्या अ‍ॅपचा आहे हे आधी बघा, आणि भारतीय पत्रकाचा नसेल तर त्यातले दर्जे आपल्या रंगांना जोडू नका.

"सायक्लोनिक सर्क्युलेशन" वरून सर्वात जास्त घबराट होते, कारण फोन त्यात "चक्रीवादळ" घुसवतो. ती असते चक्राकार वाऱ्यांची स्थिती, हवेच्या कुठल्यातरी थरात गोल फिरणारे वारे. पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत ती नेहमीच कुठे ना कुठे असते. सलग वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीच्या पुढे जातो तेव्हाच खात्याच्या भाषेत चक्रीवादळ म्हणतात. पत्रकात ही ओळ असली तर गावासाठीच्या मजकुरात ती घेऊच नका. ते कारण आहे, इशारा नाही.

"डिप्रेशन" मध्ये मात्र उलटी चूक होते. फोन त्याला "नैराश्य" म्हणतो, वाचणारा ती ओळ सोडून देतो. तो कमी दाबाच्या क्षेत्राचा पुढचा, जास्त तीव्र टप्पा असतो, चक्रीवादळाच्या अलीकडचा. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेली अशीच एक प्रणाली १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण, कर्नाटकमार्गे आपल्याकडे सरकली. त्या पावसात सोलापूर जिल्ह्यात पूर आला आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटावरची भिंत कोसळून माणसं गेली. तोवर वाऱ्याचा जोर ओसरलेला होता, नुकसान पाण्याने केलं. म्हणून हा शब्द दिसला तर मजकुरात "तीव्र कमी दाबाचे क्षेत्र" असं लिहा आणि सोबत आपल्या जिल्ह्याच्या ओळीतला पाऊस आवर्जून सांगा.

सातवी पायरी : मजकूर लिहिणे

फोनवर सूचना आली की पहिल्या दोनच ओळी दिसतात, म्हणून सर्वात कडक दिवस आधी लिहा, तारखांचा क्रम मोडला तरी चालेल. नमुन्याचं पत्रक मराठीत असं होईल :

सोलापूर जिल्हा. ऑरेंज इशारा, तयारीत राहा.
२२ एप्रिल सकाळी ८.३० ते २३ एप्रिल सकाळी ८.३० : तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, गारपीट आणि सोसाट्याचा वारा, झोत ताशी ५० ते ६० किमीपर्यंत. दाट शक्यता.
आज (२१ एप्रिल) दुपारपासून उद्या सकाळी ८.३० पर्यंत, तसेच २३ एप्रिल सकाळी ८.३० ते २४ एप्रिल सकाळी ८.३० : पिवळा इशारा. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा, झोत ताशी ३० ते ४० किमीपर्यंत. शक्यता.
त्यानंतरचे दोन दिवस : पाऊस हळूहळू कमी होण्याचा कल.
पत्रकाची वेळ : २१ एप्रिल, दुपारी १ वाजता.

२१ आणि २३ च्या ओळींत गारपीट आलेली नाही, कारण मूळ पत्रकात ती नाही. भाषांतर करणाऱ्याचा हात इथे सैल सुटतो आणि एका दिवसाच्या गारा तिन्ही दिवसांवर पडतात. लिहून झालं की मूळ फोटो शेजारी धरून आकडे, तारखा आणि रंग एकेक करून ताडून बघा. वाक्य वाचू नका, फक्त आकडे बघा. ते काम दुसऱ्या कुणी केलं तर आणखी चांगलं, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

"शेडवर कागद टाका, दोऱ्या दुहेरी बांधा" असं काही सांगायचं असेल तर ते पत्रकाच्या मजकुरात मिसळू नका. खाली वेगळी ओळ सोडून "आमची सूचना" म्हणून लिहा. पत्रकात नसलेलं वाक्य पत्रकाच्या नावावर गेलं की पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. सीमेवरच्या गावांसाठी आणखी एक काम करा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या लोकांनी कर्नाटकातल्या कलबुर्गी, विजयपूरची ओळही बघावी, बार्शीकरांनी धाराशिवची. ढग जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत.

शेवटी मुदत. तीन तासांसाठी निघणारा तातडीचा इशारा, ज्याला "नाऊकास्ट" म्हणतात, तो संध्याकाळी ५ ला निघाला असेल तर रात्री ८ नंतर त्याचा उपयोग संपतो. तो मजकूर टाकताना "रात्री ८ पर्यंत" असं पहिल्याच ओळीत लिहा, कारण तो रात्री ११ ला परगावच्या ग्रुपवर पोचणारच आहे. पाच दिवसांचं पत्रकही रोज बदलतं. २२ तारखेला दुपारी नवं पत्रक आलं आणि २३ चा रंग पिवळ्याचा ऑरेंज झाला, तर नवीन मजकूर टाकताना कालच्या मजकुरालाच उत्तर म्हणून टाका, आणि वर लिहा : "कालचा मजकूर रद्द, २३ तारखेचा इशारा वाढवला आहे." ग्रुपवरचा जुना फोटो काढून टाकता येत असेल तर काढून टाका.